नजरेची जागा

राक्षस पाहून दचकलेली ओजस्वी फोटोत मात्र गालातल्या गालात हसत होती.

कोल्हापुरातल्या त्या नृत्यवर्गात हसण्याची एकच लाट उठली. काठीसारखे ताठ झालेले दोन्ही हात पुढे, एक पाय मागे, धड मागे झुकलेलं, आणि वर चेहरा असा, जणू कोणी तिला श्रीखंडाची वाटी देऊ केली आहे. खाली बारीक अक्षरांत ओळही उमटली होती, ‘ओजस्वी मैत्रिणींसोबत आनंदात आहे.’

“ताई, सुमुख लागलं!” कोणीतरी ओरडलं.

सुमुख म्हणजे फोन आणि कॅमेऱ्यांच्या पोटातच बसवलेली ती नवी सोय. आपण टिपलेलं चित्र आपल्याला दिसायच्या आधीच ती त्यातले चेहरे तपासायची. कोणी दमलेलं, चिडलेलं, रडवेलं दिसलं की डोळे, भुवया आणि ओठ हलकेच दुरुस्त करायची, आणि चित्राचा अर्थ सांगणारी एक ओळ खाली लिहून द्यायची. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मग लग्नाच्या फोटोंत आत्याबाई पहिल्यांदाच हसऱ्या दिसल्या, पासपोर्टावरचा माणूस माणसासारखा दिसू लागला, आणि सगळ्यांनी तक्रार गुंडाळून ठेवली. असा एखादा घोळ झाला नाही, तर ती सोय आहे हेही आता कुणाच्या लक्षात येत नसे. चष्मा नाकावर असताना तो शोधत फिरावं, तशातली गत.

“पण हात कसे बरोबर आलेत गं?” एका मुलीने विचारलं.

“हाताला ते शिवत नाही,” शलाका म्हणाली. “आधीच्या यंत्रांनी हात काढायला घेतले की सहा-सहा बोटं यायची. लोक हसायचे. म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलं, मानेच्या खाली काही बदलायचं नाही.”

शलाका कोगेकर या वर्गाची आता ताई. वर्ग मुळात अंबुजा हेरवाडकरांचा, म्हणजे सगळ्यांच्या अक्कांचा. शलाका सात वर्षांची असताना अक्कांच्या हाती लागली आणि पुढली तीसेक वर्षं सुटलीच नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कांना कंपवाताने गाठलं. आवाज खोल जाऊन ऐकू येईनासा झाला, पाय अडखळू लागले, तेव्हा त्यांच्या मुलाने, उदयनने, त्यांना आंबोलीच्या ‘सायंतारा’ या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथून दर आठवड्याला अक्कांचा एक फोटो यायचा, आणि शलाका तो भिंतीवर मोठा करून मुलींना दाखवायची. अक्का तिथेही हात स्वस्थ ठेवत नसत. खुर्चीत बसल्या बसल्या कुठलातरी हस्त, म्हणजे नाचातली हाताची मुद्रा, धरलेला असायचाच. मुलींसाठी तो धडा, शलाकासाठी दिलासा.

दिवाळीत शलाका स्वतः जाऊन आली होती. तेव्हा अक्कांचा चेहरा आजाराने आवळत चालला होता आणि ते बघून ती घाटभर रडली होती. पण नंतर आलेल्या फोटोंत चेहरा पुन्हा मोकळा झाला होता. नव्या औषधाचा गुण, असं उदयन म्हणाला. शलाकाला ते पटलं, कारण ते हसू तिच्या ओळखीचं होतं. रंगमंचावरचं, डावी भुवई किंचित उचललेलं, खास अक्कांचं हसू. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला ते पटवून घ्यायचंच होतं. सायंतारावाले म्हणायचे की भेटायला आलं की पेशंट नंतर अस्वस्थ होतात. मग तीही गेली नाही.

“हं, आता ओळखा.” तिने मागच्या महिन्यातला फोटो भिंतीवर लावला. अक्कांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट फाकलेलं, उरलेली दोन दुमडून अंगठ्याने दाबलेली. खाली सुमुखची ओळ, ‘अंबुजाताई विजयाची खूण करत आहेत!’

“कर्तरीमुख!” मुली एका सुरात म्हणाल्या.

“शाब्बास. कर्तरी म्हणजे कात्री. अर्थ?”

“वियोग.” “वीज.” “वेल.” “मरण.” “चोरी.”

“सगळं बरोबर आणि सगळं अर्धं. हस्त नुसता शब्द असतो. तो कुठे धरलाय, कसा हलतोय, आणि नजर काय म्हणतेय, यावरून वाक्य होतं. दोन्ही हातांची कर्तरी जवळ आणून लांब नेली, की ताटातूट. वरून झर्रकन नागमोडी खाली आणली, तर वीज. आणि अक्कांनी कुठे धरलीय?”

“डोळ्यापाशी.”

“डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी. म्हणजे नेत्राचा कोना, कटाक्ष.” हे बोलताना तिच्या मनात पुसटसं आलं की डोळ्याकडे बोट दाखवून अक्कांना सांगायचं तरी काय असेल. पण मुली पुढचा फोटो मागत होत्या.

पुढच्यात दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवल्या होत्या. सुमुखने लिहिलं होतं, ‘अंबुजाताईंना मैत्रिणींची आठवण येत आहे.’

“कीलक,” ओजस्वी म्हणाली. “प्रेमाच्या गप्पागोष्टी.”

“नीट बघ. कीलकात करंगळ्या गुंततात. लहानपणी आपण गट्टी करतो तशा. या तर्जन्या आहेत. हा पाश. दोरी, साखळी, भांडण.” तिने आपल्या तर्जन्या अडकवून हिसडा दिला. “करंगळी सोडून तर्जनी अडकवली की गट्टीची बेडी होते.”

इतक्यात फोन थरथरला. उदयनने नवा फोटो पाठवला होता, सोबत निरोप, ‘सायंतारावाल्यांनी आईला शांत विभागाबद्दल विचारलं, तेव्हाचा हा फोटो. बघ किती छान बसलीय. मी उद्या होकार कळवतोय.’

शांत विभागाबद्दल ती ऐकून होती. जे रुग्ण रात्री हातवारे करतात, झोपत नाहीत, त्यांना सायंतारावाले तिकडे हलवत. तिथे सौम्य औषधाने माणूस दिवसरात्र गुंगीत राही. गेलेला परत येत नसे, पण सगळे फोटोत तृप्त दिसत. अक्कांच्या बाबतीत तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, ‘अस्वस्थ हस्तचलन’. आयुष्यभर ज्यांनी हातांनी बोलायला शिकवलं, त्यांचं बोलणं आता रोगाचं लक्षण ठरलं होतं, याचा शलाकाला संताप यायचा. पण उदयनचा तो निर्णय आणि फोटोतले ते समाधानी डोळे, यापुढे ती काय बोलणार?

तिने नवा फोटो भिंतीवर लावला. अक्का व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत. उजवा हात बाजूला लांब, पंजा उभा, चारी बोटं जुळलेली, अंगठा दुमडून कडेला. डाव्या हाताची बोटं जुळलेली, पण अंगठा मोकळा ताणलेला, आणि त्या अंगठ्या-बोटांच्या खाचेत हनुवटी. चेहरा प्रसन्न, नजर थेट आपल्याकडे. ‘अंबुजाताई निवांत बसून सर्वांना आशीर्वाद देत आहेत.’

“उजवा पताक, डावा अर्धचंद्र,” मुलींनी सांगितलं.

“पताकाचे अर्थ?”

“ढग, नदी, वारा, रात्र, झोप, दार, आशीर्वाद...”

“आणि नको म्हणणं,” शलाका म्हणाली. “एखादी वस्तू नाकारणं. ओजस्वी, जरा करून दाखव, आशीर्वादाचा आणि नकाराचा.”

ओजस्वीने आधी हात पुढे, थोडा वर आणि सैल धरला, कोपर मऊ. मग तोच पंजा बाजूला कडक ताठ केला. पण बघत होती ती आरशात, आपण कशा दिसतोय ते.

“आरशात काय बघतेस?” शलाका चिडून म्हणाली. “पहिल्या दिवशी काय शिकवलं? हात जाईल तिथे डोळा गेला पाहिजे. डोळा जिथे जातो तिथे मन जातं, मन गेलं की भाव येतो. हात तिकडे आणि डोळे इकडे, असं झालं की तो नाच नाही, ती कवायत. अक्का मेल्या तरी ही चूक—”

ती मध्येच थांबली.

भिंतीवर अक्कांचा उजवा हात बाजूला ताणलेला होता, आणि डोळे समोर होते. आपल्याकडे.

तिने मागचा फोटो काढला. पाश छातीपाशी, डाव्या बाजूला ओढलेला, आणि डोळे समोर. त्याच्या मागचा. डोळे समोर. प्रत्येक फोटोत अक्का कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. पन्नास वर्षं ज्या बाईने हातावरून नजर ढळू दिली नाही, ती आठवड्यामागून आठवडे एकच चूक करत होती.

आणि ती कर्तरी. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी धरलेली. माझ्या डोळ्याकडे बघ. हा डोळा माझा नाही.

मुलींना तिने घरी पाठवलं. कोणी कारण विचारलं नाही, तिचा चेहराच तसा झाला होता.

*

दार लावून तिने एक खुर्ची ओढली आणि फोटोतल्यासारखी बसली. डोकं विचार करून थकलं होतं, आता अंगाला विचारायचं होतं. सुमुखने डोळे हलवले असतील, भुवया, ओठ रंगवले असतील, पण मानेखालचं सगळं खरं होतं. मग चेहरा कशाला हवा? हात घाल, धड घाल, नजर आपोआप आपल्या जागी जाईल.

तिने अर्धचंद्रात हनुवटी ठेवली. हाच हस्त कमरेला धरला असता तर नुसता उभं राहण्याचा डौल झाला असता, आकाशाकडे धरला असता तर अष्टमीचा चंद्र. हनुवटीखाली तो चिंता होतो. फोटोत अक्कांचा अंगठा मात्र हनुवटीखालून घसरून गळ्यापाशी आला होता. तिने तसाच नेला. गळा धरणं हाही अर्धचंद्राचाच अर्थ. आता उजवा पताक बाजूला. आशीर्वादात कोपर सैल असतं आणि धड समोरच्या माणसाकडे किंचित झुकतं. फोटोत कोपर ताठ, खांदा वर चढलेला, आणि धड हाताच्या उलट बाजूला, डावीकडे रेललेलं. तिने रेलून पाहिलं. खुर्चीचा वेत पाठीत रुतला.

मग तिने नजर हाताकडे सोडली.

हाताच्या पलीकडे, फोटोच्या कडेला, दिवाळीत पाहिलेल्या शांत विभागाच्या दाराची चौकट होती. तिला ती आत्तापर्यंत दिसलीच नव्हती. नजर बोटांच्या टोकांवरून त्या दारात गेली आणि शलाकाच्या भुवया आपोआप वर चढल्या, बुबुळं ठरेनात, ओठ सुकले. भयानक रसाची हीच लक्षणं तिने शेकडो मुलींना घोकून घेतली होती, डोळे विस्फारा, बुबुळं चळवा, अंग चोरा. पण आज तिने काही केलं नव्हतं. तिला खरंच भीती वाटत होती. तिचे डोळे वाहू लागले.

तिने त्याच अवस्थेत फोनच्या पडद्यावर उदयनला बोलावलं.

“काय गं, वर्ग सुटला का?” उदयन पुण्यातल्या घरी जेवायला बसला होता. तोही हसत होता, अर्थातच.

“उदयनदादा, होकार पाठवू नकोस. अक्कांना तिकडे जायचं नाहीये. मी फोटो वाचला. तो पताक आशीर्वादाचा नाही, नकाराचा आहे. डावा हात गळ्यावर आहे. त्या दाराला घाबरल्यात. हे बघ, मी करून दाखवते.” तिने हात पुन्हा घातले, मान तशी, नजर तशी.

उदयनने घास ताटात ठेवला.

“शलाका, तुला कळतंय का काही? माझ्या आईचा प्रश्न आहे. आणि तू हसतेस?”

“काय?”

“तू हसतेस! एवढं घाबरल्यात, घाबरल्यात म्हणतेस आणि दात काढतेस. चेष्टा वाटते तुला?”

शलाकाने गालाला हात लावला. तळवा ओला झाला.

“दादा,” ती कशीबशी म्हणाली, “मी रडतेय.”

पडद्यावर उदयनचा चेहरा तसाच प्रसन्न होता, पण त्याच्या हातातली वाटी खाली ठेवताना ताटावर वाजली, आणि मग पुन्हा उचलली गेली, पुन्हा ठेवली गेली.

“मी निघतो,” तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सायंताराच्या फाटकात भेटली. आंबोलीचं धुकं झाडांना चिकटून होतं. उदयनने रात्रभर गाडी चालवली होती आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कितीतरी महिन्यांनी शलाका त्याचा खरा चेहरा बघत होती. तो म्हातारा झाला होता.

डॉक्टर फडतरे सौजन्याने वागले. शलाकाला वाटलं होतं की तसं झालं नाही तर बरं, चिडता तरी येईल.

“सुमुख आम्ही मुद्दाम लावलेलं नाही,” ते व्हरांड्यातून चालता चालता म्हणाले. “कॅमेऱ्यातच असतं ते. आणि ताईंच्या नाचाचे जुने फोटो सगळीकडे आहेत, त्यामुळे त्यांचं हसू त्याला नेमकं जमतं. पण तुम्ही म्हणता तसं त्याने काही लपवलेलं नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आवळतात. लपवायला तिथे काही नाहीच. तुम्हीच बघा.”

अक्का त्याच वेताच्या खुर्चीत होत्या. शलाका समोर गुडघ्यांवर बसली आणि वर पाहिलं.

चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीच नव्हतं. कपाळ गुळगुळीत, ओठ मिटलेले, गाल स्थिर. दिवाळीत थोडी तरी हालचाल होती, आता मुखवटा पूर्ण झाला होता. काल वर्गात बसून आपण कोणाची भीती घातली होती अंगावर? सुमुखने अक्कांच्या कोऱ्या चेहऱ्यावर हसू चिकटवलं, आणि मी काय केलं? मीही तिथे माझंच काही चिकटवलं नाही कशावरून?

“बघा,” डॉक्टर म्हणाले. “शांत आहेत. हात मात्र सुटे आहेत. रात्री तर थांबतच नाहीत. मेंदूतून उगाच निघणारी हालचाल आहे ती, अर्थ काढू नये. शांत विभागात त्यांनाही विश्रांती, कर्मचाऱ्यांनाही.”

उदयन आईकडे बघत होता. त्याचं काय चाललं होतं हे शलाकाला दिसत होतं. तो पुन्हा डगमगत होता. समोरचा चेहरा नाही म्हणत नव्हता, मग तो नाही कसं म्हणणार?

“अक्का,” शलाका म्हणाली. “तिकडे, त्या खोलीत जायचंय का तुम्हाला?”

अक्कांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. कंपवाताची थरथर, अंगठा आणि तर्जनी गोळी वळावी तशी एकमेकींवर घासत होती. मग, आणि हे डॉक्टरांनीही पाहिलं, थरथर थांबली. या आजारात असं होतं, हात ठरवून हलवला की कंप काही क्षण विरतो. बोटं जुळली, अंगठा दुमडला, आणि पताक बाजूला गेला, व्हरांड्याच्या टोकाच्या, शांत विभागाच्या दाराकडे. आणि त्या गोठलेल्या चेहऱ्यातले डोळे, फक्त डोळे, हाताबरोबर गेले. बोटांच्या टोकांपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

नजर हातावर होती. जिथे असायला हवी तिथे.

“अर्थ काढू नये म्हणालात ना?” शलाका डॉक्टरांना म्हणाली. “उगाच निघालेल्या हालचालीमागे डोळे जात नाहीत, डॉक्टर.”

डॉक्टर पुन्हा त्या हाताकडे बघू लागले. पण उदयन अजून दूरच होता. त्याला लहानपणापासून नाचाचं वावडं. आईने वर्गात घातलेलं सगळं आयुष्य त्याच्या वाट्यातून वजा झालं होतं, आणि हस्तांची नावं त्याने कधी पाठ केली नव्हती. शलाकाला एकदम भीती वाटली की आपण सांगू त्यावर त्याने विश्वास ठेवायचा, हेही पुन्हा चित्राखाली ओळ लिहिण्यासारखंच. सुमुख लिहितं, मी लिहिते. अक्कांचं कुठे?

म्हणून ती बाजूला सरकली. “दादा, तू समोर बस,” एवढंच म्हणाली.

उदयन बसला. आई मुलाकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात उचलले. फार वेळ लागला त्याला. दोन्ही पंजे उभे, पताकात, तळवे उदयनकडे, कडेला कड लागलेली. दाराच्या दोन फळ्या मिटलेल्या असाव्यात तशा. मग एक फळी डावीकडे गेली, एक उजवीकडे. डोळे आधी एका हाताबरोबर गेले, परत आले, मग दुसऱ्याबरोबर, आणि शेवटी मधल्या मोकळ्या जागेतून थेट उदयनच्या डोळ्यांत येऊन थांबले.

उदयन पुढे सरकला.

“दार,” तो म्हणाला. “आई, तू हे... मी शाळेतून यायचो तेव्हा. खिडकीतून. मी ओरडायचो दार उघड, आणि तू आतून हे करायचीस. मला चिडवायला. खोटं दार उघडायचीस आणि खरं उघडायचीच नाहीस.” तो हसला की रडला ते शलाकाला कळलं नाही, आणि या वेळी सांगायला कोणी मध्ये नव्हतं. “दार उघड म्हणतेस होय? मी उघडायचं?”

अक्कांचे हात मांडीवर पडले आणि पुन्हा थरथरू लागले.

उदयनने डॉक्टरांकडे न बघताच सांगितलं की शांत विभाग नको, आई आजच बाहेर पडेल. कुठे नेणार, कोण बघणार, पुढची औषधं कशी, यातलं काही ठरलेलं नव्हतं. शलाका म्हणाली, “कोल्हापूरला, वर्गावर. माडीवरची खोली आहे.” तो नुसता मान हलवत राहिला. पुढे दोघांचं यावरून भांडण होणार, हेही तिला दिसत होतं.

सामान बांधून होईपर्यंत शलाका अक्कांच्या पायाशी बसून राहिली. रडून तिचा चेहरा ओढला गेला होता. अक्कांनी थरथरतं बोट पुढे केलं आणि तिच्या डाव्या भुवईखाली टेकवून ती किंचित वर उचलली, जसं वर्गात करायच्या. चूक काढायच्या. शलाकाने भुवई तशीच धरून ठेवली. इतक्या वर्षांत तिला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

निघताना तिथल्या परिचारिकेने सवयीने तिघांचा फोटो काढला आणि उदयनच्या फोनवर पाठवला. गाडीपाशी त्याने तो उघडला. तिघंही प्रसन्न हसत होती. अक्कांची भुवई डौलात उचललेली, शलाकाचे डोळे कोरडे आणि चमकदार, उदयन तर दहा वर्षांनी तरुण. ‘हेरवाडकर कुटुंब सहलीला निघाले आहे.’

उदयनने चित्रात मानेच्या वरचा भाग अंगठ्याने झाकला. उरले नुसते हात. अक्कांचे पताक मांडीवर सैल पडलेले. शलाकाचा एक तळवा त्यांच्या पायावर. आणि त्याचे स्वतःचे, नृत्याचा एकही धडा न गिरवलेले हात. एकाने आईच्या शालीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. दुसरा खिशात होता आणि खिशाचं कापड आतून ताणलेलं दिसत होतं.

“दोन वर्षं दर आठवड्याला मी तिच्या फोटोशी बोलायचो,” तो म्हणाला. “आणि माझेही पाठवायचो तिला. तिनेही माझं हे हसूच बघितलं असेल ना?”

शलाकाने होकारार्थी मान हलवली.

त्याने फोन तिच्यापुढे धरला. अंगठा अजून चेहऱ्यांवरच होता.

“मग मला सांग,” त्याने विचारलं, “माझे हात काय म्हणत होते तिला?”